वैष्णवीस, 1500 मीटरनंतर

दारव्हा,
12 फेब्रुवारी

चि. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

नागपूरहून येताना एसटीत तू पूर्ण वाट खिडकीकडं तोंड करून बसलीस. मीही काही बोललो नाही. बोललो असतो तर तू नुसतं ‘हो सर’ म्हटलं असतंस, म्हणून लिहितो.

पाचच्या आत यायचं होतं, 5:03.4 आलं. पण माझ्या वहीत तुझ्या चकरांचे वेळही आहेत: 74, 80, 85 आणि शेवटच्या 300 मीटरला 64.4. पाच मिनिटांसाठी दर चकरीला 80 पुरतात. पहिलीत सहा सेकंद उधार घेतलेस आणि तिसरीपासून व्याजासकट फेडत बसलीस. दम कमी पडला असं मला वाटत नाही. वेगाचा अंदाज चुकला, आणि तो मीच तुला दिला नव्हता. आपण शाळेच्या मुरमावर 200 मीटरची चुन्याची चकरी आखतो, तिच्यावर तू एकटी धावतेस. बाजूच्या पोरी बंदुकीसरशी सुटल्यावर त्यांना जाऊ द्यायचं, हे तू शिकणार कुठून? ‘पाचच्या आत’ हा हट्टही माझाच होता. दिवाळीत भिंतीवर लिहायला मीच लावला.

आता वहीचं मागचं पान. ऑक्टोबरात 5:26. तेव्हा तू पायऱ्या चढतानाही धापा टाकायचीस. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.1. त्यात वेचणीचे दिवस. दिवसभर वावरात वाकून कापूस वेचायचा आणि संध्याकाळी मैदानावर यायचं. मी दोनदा सुट्टी दिली, दोन्ही वेळा तू आलीस. (त्याबद्दल रागावलोही होतो.) डिसेंबरात 5:12. जानेवारीत हिमोग्लोबिन 11.4. फेब्रुवारीत 5:03.4. तू रडत होतीस त्या तीन सेकंदांसाठी. वहीत मात्र साडेबावीस कमी झालेले आहेत.

ललिता बाबर 2016 ला रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत 9:19.76 धावली, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. दोन दिवसांनी फायनलला 9:22.74. तीन सेकंद जास्त, तरी ऑलिम्पिकमध्ये दहावी. त्या फायनलला कोणी हुकलेली शर्यत म्हणत नाही.

दहा दिवस धावायचं नाही. हरभरा सोंगायला आईसोबत खुशाल जा. लोहाची गोळी चालू ठेव, पण चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घे. भिंतीवरचा आकडा पुसू नकोस, खोडूही नकोस, त्याच्याखाली 80-80-80-60 लिही.

1 मार्चला पहाटे साडेपाचला पांदणीवर ये, तिथं मी 300 मीटर टेपनं मोजून ठेवतो. घड्याळ माझ्या खिशात राहील. किती सेकंद झाले ते आधी तू सांगायचं, मग मी काढून बघीन.

स्पाइक्सचा चिखल वाळायच्या आत काढ. बाबांना नमस्कार सांग.

तुझे सर