इयत्ता नववीच्या गुणपत्रकाचा फोटो व मराठी भाषांतर सादर करण्याबाबत

दि. १२ जून २०२५

प्रति,
प्रवेश विभाग,
रात्रशाळा, इचलकरंजी

महोदय/महोदया,

इयत्ता दहावीच्या प्रवेशासाठी मी अर्ज दिला आहे. त्यासोबत माझ्या नववीच्या गुणपत्रकाचा फोटो आणि मराठी भाषांतर जोडत आहे. मी बेळगाव जिल्ह्यातील अथणी तालुक्यात सरकारी माध्यमिक शाळेत कन्नड माध्यमातून शिकले. २०१८-१९ साली नववी उत्तीर्ण झाले. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात घरातील कागदपत्रे गेली. निकालाच्या दिवशी वडिलांनी मोबाईलवर काढलेला हा फोटो तेवढा राहिला.

भाषांतर मी स्वतः केले आहे. कन्नड व मराठी दोन्ही वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने ते मूळ फोटोशी ताडून पाहिले असून खाली सही केली आहे. हे शासकीय भाषांतर नव्हे. ओळींचा क्रम मूळ पत्रकाप्रमाणेच ठेवला आहे, म्हणजे कन्नड न येणाऱ्यालाही रकाना रकान्याशी जुळवून पाहता येईल.

कन्नड (प्रथम भाषा) १२५ पैकी ९८. पुढचे सर्व विषय १०० पैकी: इंग्रजी ५२, हिंदी ६९, गणित ७१, विज्ञान ६६, समाजविज्ञान ७९. एकूण ६२५ पैकी ४३५.

विज्ञानाच्या गुणांकडे कृपया नीट पाहावे. आकडे कन्नड अंकांत हाताने लिहिलेले आहेत आणि त्यांतले ६ व ९ दिसायला खूप सारखे असतात. त्यातच नेमकी त्या जागी कागदाची घडी आली आहे. बाकीच्या पाच विषयांची बेरीज ३६९ होते आणि खालची एकूण ४३५ ही संख्या स्वच्छ वाचता येते, म्हणून विज्ञानाचे ६६ च येतात. मुख्याध्यापकांच्या शिक्क्याखालचा शेरा मात्र लागत नाही. तिथे अंदाजाने काही न लिहिता ‘अवाचनीय’ एवढेच लिहिले आहे.

केवळ फोटोवर कायम प्रवेश मिळावा, असे माझे म्हणणे नाही. गुणपत्रकाच्या दुसऱ्या प्रतीसाठी मी शाळेकडे अर्ज केला आहे. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला असून त्यावर तिथल्या क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यायची आहे. ही दोन्ही कागदपत्रे हाती येईपर्यंत मला तात्पुरता प्रवेश द्यावा, ही विनंती. वर्ग सुरू झाल्यावर महिनाभर मागे पडले, तर दिवसा काम करून तो अभ्यास भरून काढणे मला फार जड जाईल. गणित मला मनापासून आवडते, त्यातला एकही धडा चुकू नये असे वाटते.

मी यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरण्याचे काम करते. संध्याकाळी सहानंतर कधीही बोलावले तरी येईन. येताना मूळ फोटो असलेला मोबाईल आणीन, त्यात आकडे मोठे करून पाहता येतात.

आपली नम्र,
सविता कांबळे

सोबत: १) गुणपत्रकाच्या फोटोची रंगीत प्रत २) मराठी भाषांतर, पडताळणीच्या सहीसह ३) दुसऱ्या प्रतीसाठी शाळेकडे केलेल्या अर्जाची पोच ४) शाळा सोडल्याच्या दाखल्याची छायाप्रत