कलम 154 अन्वये दुरुस्ती अर्ज: आगाऊ कराची जमा न मिळाल्याने कमी झालेला परतावा

दिनांक: 9 सप्टेंबर 2024

प्रति,
आयकर विभाग

विषय: करनिर्धारण वर्ष 2024-25, कलम 143(1) खालील दिनांक 27 ऑगस्ट 2024 ची सूचना

महोदय/महोदया,

मी 22 जुलै 2024 रोजी मुदतीत विवरणपत्र भरून 23,460 रुपयांचा परतावा मागितला होता. खात्यात 5,460 रुपयेच जमा झाले.

उत्पन्न, वजावटी आणि 1,12,840 रुपयांचा एकूण कर आपण जसाच्या तसा मान्य केला आहे. 1,18,300 रुपयांचा टीडीएसही जुळतो. फरक एकाच ओळीत आहे: ‘आगाऊ कर’ या रकान्यात मी 18,000 लिहिले आहेत, सूचनेत शून्य आहे. ही रक्कम मी 14 मार्च 2024 रोजी भरली. चलनावरचा बीएसआर कोड, अनुक्रमांक आणि तारीख विवरणपत्रात तंतोतंत तीच आहेत, आणि वार्षिक माहिती विवरणातही, म्हणजे एआयएसमध्ये, ही नोंद माझ्या पॅनवर दिसते. पैसे सरकारजमा झाल्याची नोंद आपल्याकडेच असताना ते हिशेबात धरले न जाणे ही अभिलेखावरून उघड दिसणारी चूक आहे.

या चुकीमुळे व्याजही बुडाले. 5,460 ही रक्कम कराच्या 10 टक्क्यांहून कमी असल्याने कलम 244ए खालील व्याज नाकारले गेले. खरा परतावा मात्र त्या मर्यादेच्या बराच वर आहे.

तरी 18,000 रुपयांची जमा देऊन उर्वरित परतावा 1 एप्रिल 2024 पासूनच्या व्याजासह पूर्वप्रमाणित बँक खात्यात जमा करावा, ही विनंती. मी ज्येष्ठ नागरिक असून ही रक्कम औषधोपचारासाठी धरून ठेवली होती, म्हणून लवकर निर्णय व्हावा.

सोबत: चलन, एआयएस आणि सूचनेची प्रत.

आपली विश्वासू,
सु. वि. देशमुख