भाडे थकबाकीच्या नोटिशीस उत्तर

दि. १५ सप्टेंबर २०२५
रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह

प्रति,
श्री. आप्पासाहेब पाटील
घरमालक, गावभाग, सांगली

विषय : आपल्या दि. ५ सप्टेंबर २०२५ च्या नोटिशीचे उत्तर

स.न.वि.वि.

आपली नोटीस मला ९ सप्टेंबरला मिळाली. सप्टेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या बारा महिन्यांचे, दरमहा ३,२०० रुपयांप्रमाणे, ३८,४०० रुपये भाडे मी थकवले असून पंधरा दिवसांत दोन खोल्या रिकाम्या कराव्यात, असे आपण त्यात लिहिले आहे. हे मला मान्य नाही. माझ्याकडे एक रुपयाही बाकी नाही.

सप्टेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ या आठ महिन्यांचे २५,६०० रुपये मी आपल्या हातात रोख दिले. त्याच्या पावती क्र. ११२ ते ११८ अशा सात पावत्या माझ्याकडे असून प्रत्येकीवर आपली सही आहे. महिने आठ आणि पावत्या सात, कारण जानेवारी-फेब्रुवारीचे ६,४०० रुपये आपण पावती क्र. ११६ वर एकत्र लिहिले होते. मे महिन्यात "पावतीपुस्तक संपलंय" असे आपल्या चिरंजीवांनी सांगितले. तेव्हापासून ऑगस्टपर्यंतचे चार महिन्यांचे १२,८०० रुपये मी आपल्या बँक खात्यावर भरले. पासबुकात चारही नोंदी आहेत. सप्टेंबरचे भाडेही ५ तारखेला, म्हणजे आपण नोटीस लिहिली त्याच दिवशी, त्याच खात्यावर जमा केले आहे.

२०१९ च्या महापुरात खोलीत पाणी शिरले आणि माझे जुने कागद गेले. तेव्हापासून प्रत्येक पावती मी प्लास्टिकच्या पिशवीत माळ्यावर जपते. सर्व पावत्यांच्या व पासबुकाच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. मूळ पावत्या आपण केव्हाही माझ्यासमोर पाहाव्यात, त्या मी हातावेगळ्या करणार नाही.

जुलैमध्ये आपण भाडे ५,००० रुपये करा म्हणालात आणि मी नाही म्हटले. त्याआधी थकबाकीचा शब्दही निघाला नव्हता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ११ प्रमाणे वर्षाला चार टक्के वाढ द्यायला मी आजही तयार आहे. ती महिन्याला १२८ रुपये होते.

त्याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, भाडे भरणाऱ्या व भरण्यास तयार असलेल्या भाडेकरूकडून ताबा घेता येत नाही. थकबाकी खरोखर असती, तरी लेखी मागणी मिळाल्यापासून नव्वद दिवस होईपर्यंत त्या कारणावरून दावा लावता येत नाही. नोटिशीत नळ तोडण्याची भाषा आहे. पुरेशा कारणाशिवाय पाणी तोडण्यास कलम २९ ची मनाई आहे. तसे झाल्यास मी त्याच दिवशी कोर्टात अर्ज करीन.

तरी आपण नोटीस लेखी मागे घ्यावी आणि मे ते सप्टेंबरच्या पाच पावत्या द्याव्यात. कलम ३१ प्रमाणे पावती देणे आपल्यावर बंधनकारक आहे. चौदा वर्षे मी या घरात आहे. काकूंच्या आजारपणात रात्री-अपरात्री मीच धावून आले होते. माझ्यावर भाडे बुडवल्याचा आरोप आपण करावा, याचे मला फार वाईट वाटले.

ऑक्टोबरचे भाडे ५ तारखेच्या आत खात्यावर जमा होईल.

आपली भाडेकरू,
(सही)
सुमन माने

सोबत : पावती क्र. ११२ ते ११८ आणि पासबुकाची दोन पाने, सर्व झेरॉक्स