बाबांना आदरांजली

पूज्य भन्ते, उपासक-उपासिका आणि आप्तेष्टहो,

तथागतांच्या महापरिनिर्वाणाच्या वेळी शक्राने उच्चारलेली ही गाथा बाबा रोज सायंकाळी वंदनेनंतर म्हणत असत:

अनिच्चा वत सङ्खारा, उप्पादवयधम्मिनो।
उप्पज्जित्वा निरुज्झन्ति, तेसं वूपसमो सुखो॥

सर्व संस्कार अनित्य आहेत, उत्पन्न होऊन लय पावणे हा त्यांचा स्वभाव आहे आणि त्यांचे शमन हेच सुख आहे, हे बाबांनी नुसते पाठ केले नव्हते. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासणारे त्यांचे हात शेवटी पेलाही धरेनासे झाले, तेव्हा धीर देत होते ते आईला. बाबा, माझे मन अजून तितके स्थिर झालेले नाही. तुमची उणीव फार जाणवते. आता आपण सर्वांनी त्रिशरण-पंचशील ग्रहण करून ते पुण्य त्यांना अर्पण करावे, ही विनंती.