बांबूच्या वस्तू दुकानात ठेवण्याबाबत

बांबू कारागीर सहकारी संस्था
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
16 जून 2025

प्रति,
मा. दुकानमालक,
गृहोपयोगी व हस्तकला वस्तू विक्रेते, पुणे, मुंबई व कोल्हापूर

विषय : बांबूच्या वस्तू विक्रीस ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

आमच्या संस्थेत 34 कारागीर आहेत, त्यांतल्या 21 बायका. दिवाळीसाठी आमचा माल आपल्या दुकानात ठेवावा, म्हणून हे पत्र.

बांबू म्हटलं की दुकानदार पहिलं विचारतो, "भुंगा लागणार नाही ना?" रास्त आहे. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून आमच्याच 40 परड्या भुरा आल्यामुळे परत आल्या. पुरत्या वाळायच्या आत आम्ही त्या प्लॅस्टिकमध्ये बांधल्या होत्या, चूक आमचीच. आता पावसाळ्यात विणलेला माल भट्टीच्या खोलीत वाळवल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि बांधणी कागदातच होते.

भुंगा येतो तो बांबूतल्या पिठूळ अंशासाठी. म्हणून तीन वर्षं पुरी झालेला माणगा जातीचा बांबूच घेतो, तोही थंडीत तोडलेला. कंदील आणि दिव्याच्या शेडच्या काड्या बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवतो. रोवळी, सूप आणि परडीला मात्र हे औषध लावत नाही. त्यांचा बांबू नुसत्या पाण्यात भिजवून, वाळवून, धुरी देऊन घेतो. तांदूळ धुवायच्या भांड्याला औषध नको, यावर आमच्या बायका ठाम आहेत. या दोन प्रकारच्या मालावर वेगवेगळ्या रंगाची चिठ्ठी असते.

माणगा कोकणातलाच, बिनकाट्याचा आणि बराचसा भरीव. तो शेताच्या बांधावरचा असतो. 2017 च्या कायदादुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू झाडांत मोडत नाही, त्यामुळे तोडीच्या परवान्याची अडचण नाही.

आपल्याला पडणारा दर (कंसात छापील किंमत) :
रोवळी 165 रु. (260)
फुलांची परडी 110 रु. (175)
सूप 150 रु. (240)
आकाशकंदील 300 रु. (480)
दिव्याची शेड 420 रु. (680)

बाजारात सूप याहून स्वस्त मिळतं, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या सुपाची कड दुहेरी बांधलेली असते. हातात घेऊन पाहिलंत तर फरक कळेल. त्यासाठी पाचही वस्तूंचा एकेक नग 1,145 रुपयांत पाठवू, ही रक्कम पहिल्या ऑर्डरमधून वजा होईल.

10,000 रुपयांवरच्या ऑर्डरचं भाडं आमच्याकडे, त्याखाली निम्मं निम्मं. पहिली ऑर्डर रोखीनं, दुसरीपासून 30 दिवसांची उधारी. विक्रीनंतर सहा महिन्यांत भुंगा दिसला तर नग बदलून देऊ, मोडका नग परत पाठवायची गरज नाही, फोटो पुरे.

एक विनंती : कंदिलांची ऑर्डर 31 जुलैपर्यंत कळवावी. चतुर्थीला आमच्याकडे घरोघरी गणपती, त्या दिवसांत कोणी विणायला बसत नाही. उशिरा आलेली ऑर्डर घेऊन आपल्याला खोटी तारीख द्यायची नाही. माल सप्टेंबरअखेर पोचेल.

फोन सोबतच्या कार्डावर आहे. सकाळी दहानंतर करावा.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव
(संस्थेच्या वतीने)

सोबत : वस्तूंचे फोटो व मापं