अंतर्गत लेखापरीक्षकाच्या अर्जासोबत जोडलेला कामाचा परिचय

मा. लेखापरीक्षण समिती,

मी सनदी लेखापाल असून माझे कार्यालय रत्नागिरीत आहे. खालील माहितीत एकाही अशिलाचे नाव नाही. सनदी लेखापाल कायदा, 1949 नुसार अशिलाच्या संमतीशिवाय किंवा कायद्याने भाग पाडल्याशिवाय त्याची माहिती उघड करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. शिवाय आपल्या किनाऱ्यावर बंदराचे नाव आणि धंदा एवढे सांगितले, तरी माणूस कोण ते कळते. म्हणून तालुका, बंदर आणि वर्षही लिहिलेले नाही. रकमा अंदाजे टप्प्यांत दिल्या आहेत.

सर्वांत मोठे काम म्हणजे 40 ते 50 कोटींच्या टप्प्यातील मासळी प्रक्रिया उद्योगाची विक्री. खरेदीदारातर्फे ड्यू डिलिजन्स माझ्याकडे होते. ताळेबंदातील माल शीतगृहात खरोखरच होता, खोके मोजून आकडा जुळला. तरीही मी नमुन्याचे खोके उघडून कोळंबीवरचा बर्फाचा थर वितळवून निथळ वजन घ्यायला लावले. पुस्तकात बर्फासकट वजन मालाच्या भावाने धरलेले निघाले. किंमत दोन कोटींहून अधिक खाली आली आणि व्यवहार पूर्ण झाला. साठा नुसता मोजून भागत नाही, हे मी माझ्या प्रत्येक सहायकाला शिकवतो.

काजू कारखान्यांचे करलेखापरीक्षण मी नियमित करतो. उलाढाल 3 ते 25 कोटी. तिथे मी आधी उतारा बघतो. 80 किलोच्या पोत्यातून साधारण 20 किलो गर निघायला हवा. फरक मोठा असेल तर खरेदी, विक्री किंवा साठा यांपैकी कशात तरी गडबड असते. शेतकऱ्याकडून बी घेतली, तर रिव्हर्स चार्जने जीएसटी खरेदीदारावर येतो; त्याची नोंदही तपासतो.

मासळी व्यापाऱ्यांच्या बाबतीत रोखीचा प्रश्न नेहमीचा. प्राप्तिकर कायदा, 1961 च्या कलम 40A(3) प्रमाणे एका व्यक्तीला एका दिवशी 10,000 रुपयांवर रोख दिली, तर तो खर्च नामंजूर होत असे. प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्याकडून घेतलेल्या मासळीला नियम 6DD ची सूट होती, दलालाकडून घेतलेल्या मालाला नव्हती. त्यामुळे पावतीवर नौकामालकाचे नाव आणि नौकेचा नोंदणी क्रमांक नसेल, तर मी ती सूट मान्य करत नसे. यावरून काही अशील दुरावले. तरी भूमिका तीच ठेवली.

पतसंस्थांचे वैधानिक लेखापरीक्षण (कलम 81, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960) आणि बँकांसाठी स्टॉक ऑडिटही केले आहे. ठेवी 15 ते 120 कोटी. नौकांवरील कर्जाची थकबाकी बघताना जून-जुलैची मासेमारी बंदी लक्षात घेतो, पण एनपीएचे वर्गीकरण नियमाप्रमाणेच करतो.

समितीला खातरजमा करायची असल्यास, संबंधित अशिलांची लेखी संमती घेऊन त्यांच्याशी थेट बोलणे करून देईन. संमती न देणाऱ्यांच्या कामाची कागदपत्रे, नावे झाकूनही, दाखवता येणार नाहीत.