आडतदाराकडं अडकलेल्या कांद्याच्या पैशाबाबत बाजार समितीला पत्र

दि. २४ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. सभापती साहेब व मा. सचिव साहेब,
कृषी उत्पन्न बाजार समिती, सोलापूर

विषय: डिसेंबर २०२४ मध्ये विकलेल्या कांद्याचे १,७२,०४४ रुपये आडतदाराकडून मिळत नाहीत, ते मिळवून देणेबाबत.

साहेब, नमस्कार.

मी महादेव बिराजदार, राहणार मंद्रूप, तालुका दक्षिण सोलापूर. आपल्या यार्डात माझ्या वडलांपासून कांदा येतोय. मागच्या आठवड्यात ऑफिसला येऊन तोंडी सांगितलं होतं, तिथल्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणल्या, लेखी द्या, सोबत पट्ट्या जोडा, मग पुढं सरकवता येतं. म्हणून हे लिहितोय. अर्जाची भाषा मला जमत नाही, जसं बोलतो तसं लिहिलंय, समजून घ्या.

आडतदाराचं नाव इथं पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. ते सोबतच्या तिन्ही पट्ट्यांवर गाळा नंबर आणि लायसन नंबरासकट छापलेलं आहे. पत्र चार टेबलांवरून जाईल, उगाच आधीच बोभाटा नको, त्याची बाजू ऐकायच्या आधी त्याला चोर ठरवायची माझी इच्छा नाही.

हिशोब असा आहे. २ डिसेंबरला ६२ पिशव्या आणल्या, वजन भरलं ३१ क्विंटल २० किलो, भाव निघाला २,९०० रुपये, म्हणजे ९०,४८०. त्यातून हमाली, तोलाई आणि गाडीभाडं मिळून ४,२७८ गेले, राहिले ८६,२०२. त्या दिवशी त्यानं २० हजार रोख उचल दिली आणि म्हणाला मालक, बाकीचे पुढच्या गाडीला एकदम घ्या. मी घरचा माणूस समजून हो म्हणलो, तिथंच चुकलं. ९ डिसेंबरला ७४ पिशव्या आणल्या, त्यातल्या ५० चांगल्या मालाच्या, २५ क्विंटल, २,६०० नं गेल्या, आणि २४ गोल्टी मालाच्या, ११ क्विंटल ८० किलो, १,७०० नं. दोन्ही मिळून ८५,०६०, खर्च ५,१०६ वजा जाऊन ७९,९५४. आणि १६ डिसेंबरला शेवटच्या ४८ पिशव्या, साडेतेवीस क्विंटल, तोवर बाजार पडला होता, १,९०० मिळाला, ४४,६५० झाले, खर्च ३,७६२, हातात यायला पाहिजेत ४०,८८८. तिन्ही पट्ट्या मिळून २,०७,०४४. आत्तापर्यंत मिळाले ते पहिल्या दिवशीचे २० हजार आणि २८ जानेवारीला मोबाइलवर टाकलेले १५ हजार. म्हणजे १,७२,०४४ बाकी. पोरीनं दोनदा कॅलक्युलेटरवर तपासलंय, तरी आपल्याकडं कुणी पुन्हा जुळवून बघितलं तर बरंच होईल.

तिसऱ्या पट्टीवरच्या खर्चात ४५० रुपये ‘इतर’ म्हणून लावलेत. इतर म्हणजे काय विचारलं तर म्हणतो कॉम्प्युटर लावतो आपोआप. भाजीपाल्याची आणि कांद्याची आडत २०१६ पासून शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदारानं द्यायची, एवढं आम्हालाही माहीत झालंय. हे ४५० तीच आडत दुसऱ्या नावानं आहे का ते मला सांगता येत नाही, पण तुम्ही विचारलं तर तो सांगेल. रक्कम छोटी आहे, माझं मुख्य दुखणं ते नाही, बाकीच्यांच्याही पट्टीवर असं काही निघतंय का बघा एवढंच.

आता पैसे का थांबले. पहिल्यांदा म्हणाला, बेंगलोरच्या पार्टीकडं माल गेलाय, तिकडून पेमेंट आलं की देतो. मग म्हणाला गड्डा होऊ दे, जत्रेच्या आधी कोण पैसे काढतंय. गड्डा झाला, नंदीध्वज परत गेले, पाळणे उतरले, पैसे नाहीत. मग म्हणाला निर्यातीवर २० टक्के ड्युटी आहे त्यामुळं माल उठेना, सगळीकडंच अडकलंय. साहेब, ड्युटी माझ्या कांद्यावर डिसेंबरातही होतीच, तो भाव काढताना धरलेलीच होती की. माझा माल त्याच्या गाळ्यावर लिलावात गेला, दुसऱ्या दिवशी गाडीत भरला, संपला विषय. पुढं तो बेंगलोरला गेला की हैदराबादला, सडला की विकला, ती त्याची आणि त्याच्या पार्टीची भानगड. मी काय त्याचा भागीदार नाही. नफा झाला असता तर मला वाटा दिला असता का?

जानेवारीच्या मधे मी गाळ्यावर ठाण मांडून बसलो तेव्हा त्यानं १ लाखाचा चेक दिला, तारीख टाकली ३१ जानेवारी. आपल्या यार्डात पुढची तारीख टाकून चेक द्यायची पद्धतच पडलीय, शेतकरीपण घेतात कारण रिकाम्या हातानं एसटीत बसण्यापेक्षा कागद बरा वाटतो. नियमानं तर माल विकला त्याच दिवशी रोख पट्टी हातात पडायला पाहिजे. मी तो चेक बँकेत टाकला, ५ फेब्रुवारीला परत आला, खात्यात पैसे नाहीत म्हणून. त्याच्या खात्यात पैसे नाहीत आणि बँकेनं दंड कापला माझ्या खात्यातून, २९५ रुपये! बँकेचा मेमो आणि चेकची झेरॉक्स जोडलीय, ओरिजिनल माझ्याजवळ आहे, दाखवायला आणतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीकडच्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचा खर्च वजा जाऊन २ रुपयांचा चेक मिळाला होता, सगळ्या देशाच्या पेपरात आलं होतं. तेव्हा आम्ही गावात चावडीवर बसून हळहळलो होतो. आता वाटतंय, माझा भाव तर चांगला निघाला होता, तरी घरी काय आलं.

मला घाई का आहे ते पण सांगतो, नुसता हट्ट वाटू नये. सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, त्यात पंजाबराव देशमुख योजनेची सवलत धरली की बिनव्याजी पडतं. एक दिवस उशीर झाला की सगळं व्याज अंगावर. मी हे कर्ज कांद्याच्या भरवशावर काढलं होतं. खत औषधाच्या दुकानदाराची उधारी आहे, तो रोज फोन करत नाही पण रस्त्यात भेटला की मीच मान खाली घालतो. आणि पोरगी नर्सिंगला आहे, दुसऱ्या हप्त्याची फी राहिलीय. आडतदाराला हे सगळं सांगितलं तर म्हणतो माझ्याकडंपण पोरं बाळं आहेत. आहेत की, आमच्याच कांद्यावर शिकतायत.

मला एकच म्हणायचंय. कुणी म्हणेल हा दोघांतला व्यवहार आहे, तुमचं तुम्ही मिटवा. तसं नाही साहेब. मी त्याला बांधावर माल दिलेला नाही. तुमच्या गेटमधून गाडी आत आली, आवक नोंदली, तुमच्या यार्डात लिलाव झाला, लायसनवाल्या तोलाऱ्यानं वजन केलं, आणि त्याला तिथं बसायचं लायसनही समितीनंच दिलंय. मी त्याच्या तोंडाकडं बघून नाही, त्या लायसनकडं बघून माल टाकला. नाहीतर गावात येऊन रोख देणारे व्यापारी पण फिरतात, भाव शंभर दीडशे कमी देतात एवढंच. वडील म्हणायचे यार्डात नेलेला माल बुडत नाही.

म्हणून विनंती अशी की त्याला आणि मला दोघांना एका दिवशी समोरासमोर बोलवा, त्याचं लिलाव रजिस्टर, खरेदीदाराची बिलं आणि तोलाईची पावती मागवा, माझ्या पट्ट्यांशी जुळवा. माल ज्या खरेदीदारानं घेतला त्याच्याकडून त्याला पैसे आलेत का हे पण त्यातच कळेल, माझ्या माहितीप्रमाणं आलेत, पण ती ऐकीव गोष्ट आहे, त्यावर मी जोर देत नाही. बाकी निघाली तर तारीख लिहून घ्या आणि त्या तारखेला पैसे थेट माझ्या खात्यात जमा करायला लावा, चेक नको. नाही दिले तर त्याची जी अनामत किंवा बँक गॅरंटी समितीकडं असेल त्यातून द्या, आणि १९६३ च्या बाजार समिती कायद्यातल्या कलम ८ प्रमाणं लायसन सस्पेंड करायचं बघा. लायसन कायमचं जावं अशी माझी इच्छा नाही, त्याच्या गाळ्यावरच्या हमालांची पण घरं चालतात. पण गाळा चार दिवस बंद झाला की पैसे कुठूनतरी निघतात हे सगळ्यांना माहीत आहे.

एक तारीख मात्र ध्यानात ठेवा ही विनंती. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते असं वकिलांनी सांगितलंय, म्हणजे ७ मार्चपर्यंत. मला कोर्टात जायची हौस नाही, वकिलाची फी, तारखा, सोलापूरच्या खेपा, त्यात पुढचं पीक जातं. पण ५ मार्चपर्यंत आपल्याकडून बोलावणं आलं नाही तर नोटीस पाठवावी लागेल, मुदत गेली की तो मार्ग पण बंद होतो. आपण दोघांना त्याआधी बोलावलं आणि बसून मिटलं तर सगळ्यात बरं.

या पत्राची एक प्रत जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, सोलापूर यांना देतोय. समितीवर अविश्वास म्हणून नाही, कागद दोन ठिकाणी असला की हरवत नाही म्हणून. सोबत तीन पट्ट्या, आवक पावत्या, चेक आणि बँक मेमो, पासबुकचं पान, सातबारा, आधार, सगळ्याच्या झेरॉक्स जोडल्यात. मोबाइल नंबर आणि खाते नंबर मागच्या पानावर आहे. रोज सकाळी दहापर्यंत रानात असतो, रेंज येत नाही, त्यानंतर कधीपण फोन करा. पत्राची पोच या प्रतीवर सही शिक्क्यासह द्यावी.

आपला,
महादेव बिराजदार
मु. पो. मंद्रूप, ता. दक्षिण सोलापूर

ता.क. पत्र लिहून होतंय तोवर आडतदाराचा फोन आला, कुणीतरी सांगितलं असणार. म्हणतो दहा हजार आज टाकतो, अर्ज देऊ नका मालक. मी म्हणलो टाका, अर्ज मात्र देणार. रात्री नऊ वाजेपर्यंत आलेले नाहीत. आले तर तेवढे बाकीतून वजा करा, मी स्वतः येऊन सांगून जाईन.